मूत्रपिंडे निकामी असताना गुंगीचे औषध बंद करूनही रुग्ण दिवसेंदिवस झोपून का राहतो?

सांजवारा

माझ्या वडिलांना, वय ६८, तीन महिन्यांपूर्वी फुप्फुसांच्या संसर्गामुळे अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची लघवी जवळजवळ थांबली आणि पाचव्या दिवसापर्यंत क्रिएटिनिन १.१ वरून ५.८ वर गेले. श्वासनलिकेतली नळी सहन व्हावी म्हणून त्यांना मिडाझोलॅम पंपाद्वारे सतत दिले जात होते, तासाला ५ मिलिग्रॅम. पाच दिवसांनी फुप्फुसे सुधारली, तेव्हा सकाळी पंप बंद केला आणि संध्याकाळपर्यंत ते डोळे उघडतील असे आम्हाला सांगण्यात आले. त्यांनी डोळे उघडले ते चौथ्या दिवशी. मधल्या काळात मेंदूचे सीटी स्कॅन झाले आणि त्यात काहीही दोष आढळला नाही.

डॉक्टरांनी एवढेच सांगितले की किडनी बंद असल्यामुळे औषध बाहेर पडत नाही. पुढे मी वाचले, तेव्हा मिडाझोलॅमचे विघटन यकृतात होते असे सर्वत्र आढळले, आणि वडिलांच्या यकृताच्या तपासण्या तर चांगल्या होत्या. जे औषध यकृत मोडून टाकते, त्याच्यासाठी मूत्रपिंडांची वाट का पाहावी लागावी, हे मला समजून घ्यायचे आहे. मला कोणाला दोष द्यायचा नाही. त्यांचे क्रिएटिनिन आता ३.२ वर थांबले आहे आणि लवकरच हर्नियाची शस्त्रक्रिया करायची आहे, म्हणून अशा रुग्णासाठी कोणती औषधे अधिक सुरक्षित असतात हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रवाही

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे आणि डॉक्टरांचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. यकृत औषधाला शेवटी ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडते. त्यामुळे औषध पाण्यात सहज विरघळते, लघवीवाटे जाण्यास योग्य होते आणि त्याचा परिणाम संपतो. मूत्रपिंडे बंद असतील तर हा जोडपदार्थ रक्तात साठेल हे खरे, पण तो निष्क्रिय असल्याने साठला तरी कोणाला झोपवणार नाही. माझ्या मते खरे कारण वेगळे असावे. गंभीर संसर्गात यकृतातील विकरांचे काम मंदावते आणि मूळ औषधच रक्तात टिकून राहते. यकृताच्या नेहमीच्या तपासण्या चांगल्या असल्या तरी असे होऊ शकते.

तरुछाया

मी अतिदक्षता विभागात वीस वर्षे काम करत आहे आणि सांजवारा यांनी वर्णन केलेला रुग्ण मी अनेकदा पाहिला आहे. प्रवाही यांनी सांगितलेला नियम बहुतेक औषधांना लागू पडतो. मिडाझोलॅम हा त्याला अपवाद आहे, आणि सगळा गुंता त्या अपवादातच आहे.

यकृत मिडाझोलॅमचे काम दोन पायऱ्यांत करते. पहिल्या पायरीत त्याचे हायड्रॉक्सिमिडाझोलॅम होते, जे स्वतःच चांगले गुंगी आणणारे आहे. दुसऱ्या पायरीत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते. हा शेवटचा जोडपदार्थ मेंदूतील त्याच ग्राहींना चिकटतो, फक्त त्याची पकड मूळ औषधाच्या सुमारे एक दशांश असते. म्हणजे तो दुबळा आहे, पण निष्क्रिय नाही. मूत्रपिंडे निरोगी असली की हा दुबळेपणा पुरेसा ठरतो, कारण तयार झालेला पदार्थ लगेच लघवीतून निघून जातो आणि त्याची पातळी कधी वाढतच नाही. लघवी बंद असली की तो जाणार कुठे?

वडिलांचाच हिशेब पाहू. तासाला ५ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला १२० आणि पाच दिवसांत ६०० मिलिग्रॅम झाले. निरोगी माणसात शिरेतून दिलेल्या मात्रेचा साधारण निम्मा भाग या जोडपदार्थाच्या रूपाने लघवीत येतो. त्यामुळे ढोबळ मानाने ३०० मिलिग्रॅम औषधाइतका माल बाहेर पडायच्या दारापाशी अडकून राहिला असे समजा. पंप बंद केल्यावर मूळ मिडाझोलॅम यकृताने एक-दोन दिवसांत संपवले असेल, पण संपवताना त्यानेच या साठ्यात आणखी भर घातली. पकड दहापट कमी असलेल्या पदार्थाची रक्तातली पातळी मूळ औषधाच्या नेहमीच्या पातळीच्या दहापट झाली, तर परिणाम जवळजवळ तोच होतो.

1995 साली 'लॅन्सेट'मध्ये बाऊअर आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी असलेल्या अशाच पाच रुग्णांविषयी लिहिले होते. मिडाझोलॅम थांबवल्यानंतरही ते दीर्घकाळ गुंगीत होते आणि त्यांच्या रक्तात या जोडपदार्थाची पातळी फार वाढलेली होती. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल देताच ते जागे झाले. फ्लुमाझेनिल फक्त याच ग्राहींवरून औषधाला हटवते, त्यामुळे झोपवणारी गोष्ट तिथेच चिकटलेली होती हे सिद्ध झाले.

प्रवाही

एक दशांश पकडीची गोष्ट मला माहीत नव्हती आणि हिशेब पटण्यासारखा आहे. तरीही माझी शंका पूर्णपणे फिटलेली नाही. गंभीर आजारात यकृताचे विकर मंदावतात, रक्तातील अल्ब्युमिन घटते, आणि हे औषध सुमारे ९७ टक्के प्रथिनांना चिकटून राहणारे असल्याने थोडी प्रथिने कमी झाली तरी मोकळा भाग वाढतो. मग चार दिवसांच्या गुंगीतला किती वाटा जोडपदार्थाचा आणि किती मूळ औषधाचा, हे आपण कसे ठरवणार?

तरुछाया

रक्तातील दोन्हींची पातळी वेगवेगळी मोजल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ती तपासणी बहुतेक रुग्णालयांत होत नाही. इथे एक फसवणूकही होते, ती सांगून ठेवतो. कोणी केवळ मूळ मिडाझोलॅमची पातळी मोजली आणि ती जवळजवळ शून्य आली, तर औषध संपले असा निष्कर्ष काढून लोक मेंदूच्या इजेकडे वळतात. जोडपदार्थ त्या मोजणीत दिसतच नाही. तुमची शंका मात्र योग्य आहे. अशा बहुतेक रुग्णांत दोन्ही कारणे एकत्र असतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा असतो.

कौशल

वडिलांचे डायलिसिस झाले होते का? झाले असेल तर औषध रक्तातून धुतले जायला हवे होते, आणि झाले नसेल तर ते करून त्यांना लवकर जागे करता आले असते असे मला वाटते.

सांजवारा

पंप बंद केल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी डायलिसिस झाले होते. ते जागे झाले ते तिसऱ्या दिवसाच्या डायलिसिसनंतरच्या सकाळी. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध असेल असे आमच्या मनातही आले नाही.

तरुछाया

संबंध असण्याची दाट शक्यता आहे. मूळ मिडाझोलॅम प्रथिनांना घट्ट धरून असते आणि शरीरातील चरबीत पसरलेले असते, त्यामुळे डायलिसिसच्या यंत्राच्या हाती ते फारसे लागत नाही. जोडपदार्थ पाण्यात विरघळणारा असल्याने गाळणीतून निघू शकतो. म्हणून कौशल यांचे म्हणणे एका पदार्थाबाबत बरोबर आहे आणि दुसऱ्याबाबत नाही. मात्र केवळ गुंगी उतरवण्यासाठी डायलिसिस सुरू करावे असे मी म्हणणार नाही. त्याचा निर्णय पोटॅशियम, आम्लता आणि साठलेले पाणी पाहून होतो.

स्नेहलता

माझ्या आईला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे आणि ती अनेक वर्षांपासून रात्री झोपेसाठी डायझेपॅमची गोळी घेते. हे सर्व वाचून मी घाबरून गेले आहे. आजपासून ती गोळी बंद करू का?

तरुछाया

ताई, कृपया एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षे घेतलेली अशी गोळी अचानक थांबवली तर अस्वस्थता, निद्रानाश आणि काही वेळा फिट्ससुद्धा येऊ शकतात. मूळ प्रश्न अतिदक्षता विभागात पंपाने सतत दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेचा आहे, आणि आईची रोजची एक गोळी ही वेगळी परिस्थिती आहे.

तरीही तुमची काळजी अनाठायी नाही. डायझेपॅमपासून यकृतात डेस्मिथिलडायझेपॅम नावाचा पदार्थ तयार होतो, जो पूर्णपणे क्रियाशील असतो आणि वृद्धांच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो. त्याचे मुख्य कारण वय आणि यकृताचा मंद वेग हे आहे, मूत्रपिंडांचा वाटा त्यात कमी. आई दिवसा पेंगते का, चालताना तोल जातो का, बोलण्यात गोंधळ होतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तिच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. मात्रा हळूहळू उतरवायची की औषध बदलायचे, हे ते ठरवतील.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सांजवारा यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मिडाझोलॅमबरोबर दुसऱ्या पंपात वेदनाशामक चालू होते का, आणि असल्यास कोणते? नळीवर असलेल्या रुग्णाला बहुधा दोन्ही दिलेली असतात, पण नातेवाइकांच्या लक्षात एकच नाव राहते. दुसरे असे की त्या चार दिवसांत त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांविषयी कोणी काही बोलल्याचे आठवते का?

हे विचारण्याचे कारण आहे. आमच्याकडे दर काही तासांनी गुंगीची पायरी नोंदवली जाते, म्हणजे हाक मारल्यावर डोळे उघडतो का, फक्त खांदा दाबल्यावर हलतो का, की तेवढेही नाही. या नोंदीत मी एक गोष्ट नेहमी पाहते. औषध बंद आहे, लघवी तासाला ५ ते १० मिलीलीटर आहे आणि पायरी तसूभरही बदलत नाही. मग एके दिवशी लघवी वाढू लागते आणि दोन पाळ्यांच्या आत रुग्ण हाकेला डोळे उघडतो. त्यामुळे पंपाचा वेग कमी करण्याची विनंती मी लघवीचा तक्ता पाहूनच डॉक्टरांकडे करते, क्रिएटिनिनच्या अहवालाची वाट पाहत नाही, कारण तो आकडा प्रत्यक्ष बिघाडाच्या एक-दोन दिवस मागून येतो.

सांजवारा

दुसऱ्या पंपाचे नाव आठवत नाही. बाहुल्या फार बारीक आहेत असे एक तरुण डॉक्टर दुसऱ्यांना सांगत होते, हे मात्र स्पष्ट आठवते. मी कागदपत्रे काढून पाहतो.

वाटसरू

मी स्वतः डायलिसिसवर आहे. मागील वर्षी दुर्बिणीने जठराची तपासणी करताना मला मिडाझोलॅम दिले होते आणि मी तासाभरात शुद्धीवर येऊन बोलू लागलो. माझी मूत्रपिंडे तर पूर्णच निकामी आहेत. मग माझ्या बाबतीत हे का झाले नाही?

भूलवाट

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून याचे उत्तर देतो. एका छोट्या मात्रेनंतर माणूस जागा होतो तो औषध शरीराबाहेर पडल्यामुळे नव्हे, तर मेंदूतून निघून ते स्नायूंत आणि चरबीत विखुरल्यामुळे. त्या दोन-तीन मिलिग्रॅममधून तयार होणारा जोडपदार्थ इतका थोडा असतो की साठला तरी जाणवत नाही. सतत चालणाऱ्या पंपाने मात्र स्नायू आणि चरबी आधीच भरून जातात आणि विखुरण्यासाठी जागा उरत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला मिडाझोलॅम कधीच देऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. एक लहान मात्रा आणि पाच दिवसांचा पंप ही औषधे म्हणून एकच असली तरी धोका म्हणून वेगळी आहेत.

आता पर्यायांविषयी. मूत्रपिंडे बंद असताना दीर्घकाळ गुंगी हवी असेल तर माझी पहिली पसंती प्रोपोफॉलला असते. त्याचे विघटन होऊन जे पदार्थ बनतात ते खरोखर निष्क्रिय असतात, त्यामुळे ते साठले तरी रुग्ण त्यांच्यामुळे झोपून राहत नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. रक्तदाब खाली येतो, आणि ते स्निग्ध पदार्थात मिसळलेले असल्याने ट्रायग्लिसराइड वाढतात. तासाला दर किलोमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने दोन दिवसांहून अधिक काळ दिले, तर क्वचित प्रसंगी हृदय आणि स्नायूंवर घातक परिणाम होतो. संसर्गामुळे रक्तदाब आधीच औषधांवर टेकलेला असेल, तर प्रोपोफॉल सोपे जात नाही.

तरुछाया

माझ्याकडे असा रुग्ण हलक्या गुंगीत चालणार असेल, तर मी डेक्समेडेटोमिडिनचा विचार आधी करतो. त्याचेही विघटन यकृतात होते, उपपदार्थ निष्क्रिय असतात आणि रुग्ण हाक मारली की डोळे उघडून प्रतिसाद देतो. 2018 च्या अमेरिकी अतिदक्षता संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मिडाझोलॅम ज्यात मोडते त्या बेन्झोडायझेपिन गटापेक्षा प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिनला पसंती सुचवली आहे, आणि ती केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांपुरती नाही. मर्यादा अशी की हृदयाचे ठोके मंदावतात आणि खोल गुंगी आवश्यक असेल तेव्हा ते एकटे पुरत नाही.

प्रवाही

बेन्झोडायझेपिनच हवे असेल, उदाहरणार्थ फिट्स थांबवण्यासाठी, तर लोराझेपॅम योग्य ठरेल ना? त्याला थेट ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते, मधली क्रियाशील पायरीच नाही, आणि त्याचा जोडपदार्थ निष्क्रिय असतो. माझा पहिला नियम निदान इथे तरी लागू पडावा.

भूलवाट

नियम इथे लागू पडतो, पण सतत पंपाने लोराझेपॅम देण्यास माझा विरोध आहे. ते इंजेक्शन प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले असते आणि हा द्रावक काही प्रमाणात मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतो. मोठ्या मात्रेत दिवसेंदिवस दिले तर द्रावक साठतो, रक्त आम्लधर्मी होते आणि आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना आणखी इजा होऊ शकते. औषध निर्दोष आणि त्याचे वाहन सदोष, अशी ही स्थिती आहे. शिवाय लोराझेपॅमचा स्वतःचा अर्धआयुष्यकाळ १० ते २० तासांचा आहे, त्यामुळे तेही लवकर उतरत नाही.

तरुछाया

पंपाबाबत सहमत आहे. मात्र गरजेपुरत्या सुट्या मात्रांबाबत मी इतका कठोर नाही. फिट आलेल्या रुग्णाला मूत्रपिंडांचे कारण देऊन लोराझेपॅमची पहिली मात्रा नाकारणे चुकीचे ठरेल. सुट्या मात्रा दिवसाला किती होईपर्यंत चालतील, याबाबत आमच्याच विभागात दोन मते आहेत. आम्ही रक्ताची मोजलेली आणि हिशेबाने काढलेली ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, यांतील फरक पाहत राहतो. तो वाढू लागला की द्रावक साठतो आहे असे समजून औषध बदलतो.

कौशल

फ्लुमाझेनिलने ते पाच रुग्ण लगेच जागे झाले, तर सांजवारा यांच्या वडिलांना ते का दिले नसेल? चार दिवसांची घालमेल आणि सीटी स्कॅन दोन्ही टळले असते.

भूलवाट

त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, आणि जोडपदार्थ तर तिथेच असतो. रुग्ण जागा होईल, नळी काढली जाईल आणि मग तो पुन्हा गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावेल, हा खरा धोका आहे. फिट्सचा इतिहास असेल किंवा रुग्ण या गटातील गोळ्या दीर्घकाळ घेत असेल, तर फ्लुमाझेनिलमुळेच फिट येऊ शकते. निदानासाठी ०.२ मिलिग्रॅमची मात्रा जपून देणारे लोक आहेत. मी फारच क्वचित देतो.

तरुछाया

मी भूलवाट यांच्यापेक्षा थोडा अधिक वेळा देतो, कारण उत्तर मिळाले तर पुढचा गोंधळ वाचतो. सीटी स्कॅन मात्र मी टाळले नसते. औषध साठले आहे हे स्पष्टीकरण इतके सोयीचे आहे की त्याच्या आड मेंदूतील रक्तस्राव, साखर कमी होणे किंवा बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स लपून राहू शकतात. शरीराचा एकच बाजूचा भाग हलत नसेल, किंवा डायलिसिस होऊनही दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडत नसेल, तर मी ईईजी करून घेतो.

सांजवारा

कागदपत्रे सापडली. रात्रपाळी यांचा अंदाज खरा ठरला. मिडाझोलॅमबरोबर पाचही दिवस मॉर्फिनचा पंप होता, तासाला २ मिलिग्रॅम. दोन्ही एकाच सकाळी बंद केलेले आहेत.

तरुछाया

मग माझ्या पहिल्या उत्तरात दुरुस्ती करावी लागेल. मी सगळी गुंगी मिडाझोलॅमच्या खात्यावर टाकली होती.

मॉर्फिनची गोष्ट याहून बिकट आहे. यकृत त्यालाही ग्लुकुरोनिक आम्ल जोडते, आणि त्यातून बनणारा मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड हा अजिबात दुबळा नसून मॉर्फिनइतकाच किंवा त्याहून प्रबळ असतो. तोही लघवीवाटेच जातो, मेंदूत सावकाश शिरतो आणि तिथून सावकाशच बाहेर येतो. बारीक बाहुल्या त्याच्याकडे बोट दाखवतात, कारण मिडाझोलॅममुळे त्या तशा टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत. वडिलांच्या बाबतीत दोन वेगळ्या औषधांचे दोन क्रियाशील जोडपदार्थ एकाच बंद दारापाशी साठले होते. केवळ फ्लुमाझेनिल दिले असते तर कदाचित अर्धवटच जाग आली असती. मॉर्फिनच्या भागासाठी नॅलोक्सोन लागले असते, आणि त्याचाही परिणाम थोडाच वेळ टिकतो. कोणाचा वाटा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

रात्रपाळी

म्हणूनच लघवी बंद झाल्यावर आमच्याकडे मॉर्फिनच्या जागी फेन्टानिल आणतात. त्याचा मुख्य उपपदार्थ निष्क्रिय आहे. मात्र फेन्टानिलही अनेक दिवस पंपाने चालले की चरबीत मुरते आणि जाग यायला वेळ लागतो, तेव्हा ते बदलले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. रोज सकाळी पंप थांबवून रुग्ण कितपत जागा होतो हे पाहणे मी कोणत्याही औषधाच्या बाबतीत सोडत नाही.

सांजवारा

आता हर्नियाकडे येतो. ती छोटी शस्त्रक्रिया आहे आणि वाटसरू यांना मिळालेले उत्तर वाचून मिडाझोलॅमच्या एका लहान मात्रेची भीती मनातून गेली. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी मॉर्फिन दिले जाईल का, याची काळजी वाटते.

भूलवाट

ही काळजी रास्त आहे. भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा क्रिएटिनिन ३.२ एवढेच सांगू नका. पाच दिवस मिडाझोलॅम आणि मॉर्फिन, मूत्रपिंडे बंद, नंतर चार दिवस गुंगी आणि बारीक बाहुल्या, असे एका कागदावर लिहून द्या आणि तो औषधांचा तक्ता सोबत न्या. हर्नियाची शस्त्रक्रिया अनेकदा कमरेतून किंवा जागेवरच बधिर करून होऊ शकते, तसे झाले तर गुंगीची गरजच फार थोडी उरते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि जखमेभोवती बधिर करणारे इंजेक्शन यांवर बराच काळ निभावते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधे मात्र या मूत्रपिंडांना नकोत. त्याहून तीव्र काही लागलेच, तर मॉर्फिनऐवजी फेन्टानिलच्या लहान मात्रा द्याव्यात का, हा प्रश्न त्यांना थेट विचारा.

सांजवारा

कागद आत्ताच लिहून काढला. भूलतज्ज्ञांची भेट गुरुवारी आहे, ते काय ठरवतात ते याच धाग्यावर कळवतो. वडिलांनी कागद वाचला आणि चौथ्या दिवशी ज्या हाकेने त्यांनी डोळे उघडले ती माझी नव्हती, पहाटे लघवीची पिशवी मोजायला आलेल्या परिचारिकेची होती, असे सांगितले. त्या पिशवीत त्या पहाटे किती लघवी होती, हे मी आता तक्त्यात शोधले. रात्रभरात ६४० मिलीलीटर नोंदवलेली आहे. आदल्या रात्री ती ९० होती.

रात्रपाळी

मग त्या डायलिसिसबरोबरच त्यांची स्वतःची मूत्रपिंडेही त्याच रात्री कामाला लागली होती.